पेट्रोलची स्कूटर, विजेची स्कूटर : एका कारकुनाचा हिशेब



दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका कचेरीच्या व्यवस्थापनाशी वाहनभत्त्याच्या प्रश्नावर आमच्या संघटनेची बोलणी चालली होती. पेट्रोल महागले होते, म्हणून भत्ता वाढवावा अशी आमची मागणी होती. तिसऱ्या बैठकीस व्यवस्थापनाने एक टंकलिखित कागद आमच्यापुढे सरकवला. त्यात म्हटले होते की पेट्रोलच्या स्कूटरला दर किलोमीटरला २ रुपये ३१ पैसे खर्च येतो आणि विजेच्या स्कूटरला अवघे ४५ पैसे. तेव्हा ज्या नोकरांनी विजेची स्कूटर घेतली आहे त्यांचा भत्ता त्या प्रमाणात उतरवावा, म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आणावा.

मी माझ्या शेजारी बसलेल्या कार्यकर्त्यांकडे पाहिले. त्यांपैकी एकाने चारच महिन्यांपूर्वी विजेची स्कूटर घेतली होती, आणि ‘आपली गाडी चार आण्यांत किलोमीटर पळते’ असे तो कचेरीभर सांगत सुटला होता. त्याचेच वाक्य आता त्याच्यावर उलटले होते. कागदावरचे दोन्ही आकडे मी घरी नेऊन तपासले. दोन्ही बरोबर होते. पण गाडी वापरण्याचा खर्च म्हणून ते पुरते नव्हते, आणि पुरते का नव्हते हेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मी इंजिनिअर नाही. अठराव्या वर्षी कारखान्यात फिटर म्हणून लागलो. हिशेब शिकलो तो उक्त्या कामाच्या पगारपत्रकांवरून. त्या पत्रकांनी मला एक गोष्ट शिकवली. मालक आपल्या लेथ यंत्राचा खर्च मांडताना वीज, तेल आणि दुरुस्ती एवढेच मांडून थांबत नाही. यंत्र दहा वर्षांनी भंगारात जाणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याच्या किमतीचा एक वाटा तो दर वर्षी खर्चात धरतो. ह्यालाच आपण घसारा म्हणतो. कामगार आणि कारकून मात्र आपल्या स्वतःच्या वाहनाचा घसारा कधीच मांडत नाहीत. पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत ह्या विसरण्याने फारसे बिघडत नव्हते. विजेच्या गाडीच्या बाबतीत मात्र तो विसर महाग पडतो.

आता आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हा कारकून धायरीस राहतो आणि शिवाजीनगरच्या कचेरीत कामाला जातो. एका बाजूस सुमारे तेरा किलोमीटर, परतताना भाजी, औषध, मुलीची शिकवणी अशी थोडी वाकडी वाट. सगळे मिळून दिवसाला ३० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर, आणि वर्षाचे ९,००० किलोमीटर होतात.

प्रथम पेट्रोलची स्कूटर पाहू. एकशेदहा ते सव्वाशे सी.सी.ची चांगल्या स्थितीतील स्कूटर शहराच्या गर्दीत लिटरला ४५ किलोमीटर देते असे मी धरतो. कुणाची ४० देईल, कुणाची ५०. आपली किती देते हे पाहावयाचे असेल तर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरावी. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरांस भागावे. असे तीनदा केले की खरा आकडा हाती येतो. जाहिरातीतला आकडा ह्या कामी वापरू नये. लिटरला ४५ प्रमाणे वर्षाच्या ९,००० किलोमीटरांस २०० लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर वर्षाचे २०,८०० रुपये झाले. व्यवस्थापनाच्या कागदावरचे २ रुपये ३१ पैसे ते हेच.

आता विजेची स्कूटर. तिच्या बाबतीत कंपनी एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर ते सांगते. हा आकडा ठरावीक चाचणीच्या पद्धतीने काढलेला असतो. मागे बसलेले माणूस, सिंहगड रस्त्यावरचे सिग्नल आणि उड्डाणपुलाचा चढ ह्यांचा त्यात विचार नसतो. शिवाय आपल्याला पैसे द्यावयाचे असतात ते घरच्या मीटरमधून गेलेल्या विजेचे. बॅटरीत साठलेल्या विजेपेक्षा ती थोडी अधिक असते, कारण चार्जर चालताना गरम होतो आणि ती ऊब म्हणजे वाया गेलेली वीजच असते. साधारणपणे शंभरातील दहाबारा भाग वीज अशी वाटेत जाते. म्हणून मी आमच्या त्या कार्यकर्त्याला सांगितले की बाजारात खटक्याला लावावयाचा लहानसा मीटर मिळतो तो आण, चार्जर त्यातच खोच आणि महिनाभर नोंद ठेव. महिन्याच्या अखेरीस त्याच्या वहीत ७५२ किलोमीटर आणि २६.३ युनिटे अशी नोंद होती. म्हणजे शंभर किलोमीटरांस साडेतीन युनिटे. दिवसाच्या तीस किलोमीटरांस एक युनिटाहून किंचित अधिक. वर्षाच्या ९,००० किलोमीटरांस ३१५ युनिटे.

एवढ्या थोड्या विजेवर गाडी कशी चालते, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. एक लिटर पेट्रोल जाळले तर त्यातून सुमारे नऊ युनिटांइतकी उष्णता निघते. त्या नऊ युनिटांवर पेट्रोलची गाडी ४५ किलोमीटर जाते. तेवढेच अंतर विजेची गाडी दीडपावणेदोन युनिटांत कापते. ह्याचे कारण असे की इंजिनात जळालेल्या पेट्रोलचा बहुतेक भाग सायलेन्सरमधून आणि तापलेल्या सिलिंडरवरून हवेत निघून जातो. चाकापर्यंत पोहोचतो तो थोडाच. त्यातही सिग्नलला उभे असताना इंजिन पेट्रोल पीतच राहते, मोटर मात्र गाडी थांबली की जवळजवळ काहीच घेत नाही. औष्णिक वीजकेंद्रातही कोळशाची बरीच उष्णता वाया जाते हे खरे, परंतु तिची किंमत आपण भरत असलेल्या युनिटाच्या दरात आधीच धरलेली असते. आपल्या खिशाच्या हिशेबात ती दुसऱ्यांदा मोजावयाची नाही.

आता त्या ३१५ युनिटांचे पैसे किती? येथे बहुतेक मंडळींची चूक होते. वीजबिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून ते सरासरी दर काढतात आणि त्यावरून स्कूटरचा खर्च ठरवतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यांनी चढतो : पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग. वहन आकार आणि वीजशुल्क मिळवून पहिल्या टप्प्यात युनिटाला अदमासे ७ रुपये, दुसऱ्यात १३ आणि तिसऱ्यात १७ रुपये पडतात असे आपण धरू. आयोगाच्या आदेशानुसार हे दर बदलत राहतात, म्हणून आपल्या ताज्या बिलाच्या मागची बाजू पाहून आकडे दुरुस्त करून घ्यावेत.

दिवे, पंखे, फ्रीज आणि पाण्याची मोटर ह्यांवर घरात आधीपासूनच वीज खर्च होत असते. स्कूटर त्या सर्वांच्या नंतर घरात आली, म्हणून तिची युनिटे वरच्या टोकाला बसतात आणि त्या टोकाचाच दर त्यांना लागतो. ज्या घरात महिन्याला साठ युनिटे जळतात तेथे स्कूटरची २६ युनिटे पहिल्या टप्प्यातच मावतील आणि वर्षाचा खर्च २,२०५ रुपये होईल. म्हणजे किलोमीटरला पंचवीस पैशांच्या आत. आमच्या कार्यकर्त्याचे ‘चार आणे’ असे आले होते. त्याने बिलातला पहिलाच दर वाचला होता. त्याच्या घरात मुळातच दीडशे युनिटे जळत होती, तेव्हा त्याच्या स्कूटरचे प्रत्येक युनिट १३ रुपयांचे होते. वर्षाचे ४,०९५ रुपये, म्हणजे किलोमीटरला ४५ पैसे. ह्या बाबतीत व्यवस्थापनाचा कागद आमच्या माणसाहून अधिक अचूक होता हे मला कबूल केले पाहिजे.

ह्याच ठिकाणी एक उलटी भीतीही असते, तीही दूर केली पाहिजे. कित्येकांना वाटते की शंभराच्या वर एक युनिट जरी गेले तरी सबंध बिल वरच्या दराने येते. तसे होत नाही. वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यात गेलेल्या युनिटांनाच लागतो. खालची शंभर युनिटे आपल्या जुन्याच दराने राहतात. घरात ९५ युनिटे जळत असतील तर स्कूटरची पहिली पाच युनिटे ७ रुपयांनी आणि उरलेली एकवीस १३ रुपयांनी आकारली जातील, एवढाच फरक.

ज्यांच्या वाड्यात किंवा इमारतीत गाडी उभी करण्याच्या जागी खटका नाही, त्यांचे काय? काही गाड्यांची बॅटरी काढून वर नेता येते, पण दहाबारा किलोचे ओझे रोज तीन जिने चढवणे पन्नाशीतल्या माणसाने मनात धरू नये. सोसायटीला वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेता येतो. त्याचा दरवर्ग निराळा असतो आणि त्याला घरगुती टप्प्यांचा चढ लागत नाही. तीन मजली, बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत चारपाच जणांनी मिळून हे करवून घेणे अशक्य नाही. तेही न जमले तर रस्त्याकडेच्या चार्जिंग केंद्राचा आधार. तेथे युनिट २० रुपयांना पडले असे धरले तर वर्षाचे ६,३०० रुपये होतात. पेट्रोलच्या २०,८०० रुपयांपुढे तेही थोडेच आहेत. मात्र तेथे थांबण्यात जाणारा वेळ ज्याचा त्याने मोजावा.

सर्व्हिसिंगचा खर्चही दोन्हीकडे सारखा नाही. पेट्रोलच्या गाडीला इंजिन ऑइल, हवेची गाळणी, स्पार्क प्लग, क्लच आणि रबरी पट्टा ही सगळी खाती आहेत. वर्षाला तीनदा गॅरेजात गेले तर ३,६०० रुपये सहज लागतात. आठ वर्षांत ७२,००० किलोमीटर झाल्यावर इंजिनाचे मोठे काम निघेल, त्यासाठी १२,००० रुपये म्हणजे वर्षाला १,५०० बाजूला ठेवावेत. विजेच्या गाडीत ब्रेक, बेअरिंग आणि काही गाड्यांत पट्टा एवढेच पाहावे लागते. वर्षाला १,५०० रुपये पुरतात. टायर आणि विमा मी दोन्हीकडून वगळले आहेत, कारण त्यांतील फरकाने निर्णय बदलत नाही. विजेच्या दुचाकीला तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सूट आहे आणि पी.यू.सी.ची कटकट नाही; पण तिचा मागचा टायर, गाडी जड असल्यामुळे आणि मोटर उठावाला जोरदार असल्यामुळे, लवकर झिजू शकतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विजेच्या स्कूटरची बॅटरी ही एकाच वेळी तिची टाकीही आहे आणि झिजणारा अवयवही आहे. पेट्रोलची टाकी हजारदा भरली तरी तिच्यात तेवढेच पेट्रोल मावते. बॅटरी प्रत्येक वेळी भरताना आणि रिकामी होताना थोडी थोडी आटत जाते. एवढेच असते तर आपला कारकून निर्धास्त राहिला असता. एका भरण्यात नव्वद किलोमीटर आणि हजार भरणी धरली तरी नव्वद हजार किलोमीटर होतात. दर वर्षी नऊ हजार म्हणजे दहा वर्षे. परंतु बॅटरीला आणखी एक झीज आहे. ती उभी असतानाही म्हातारी होते. तिच्यातील रसायने आपापसांत मंदपणे बिघडत राहतात, आणि उष्णता जितकी जास्त व बॅटरी जितकी पूर्ण भरलेली, तितका हा बिघाड वेगाने होतो. म्हणून गाडी थोडी चालवली तर बॅटरी तितक्याच प्रमाणात अधिक टिकेल, ही समजूत बरोबर नाही. मी तिचे आयुष्य आठ वर्षे धरतो.

तीन युनिटांच्या बॅटरीची किंमत मी ५५,००० रुपये धरली आहे. येथे कराची एक गंमत आहे. बॅटरी गाडीबरोबर आली तर सबंध गाडीवर ५ टक्के जी.एस.टी. लागतो, तीच बॅटरी पुढे सुटी विकत घेतली तर १८ टक्के लागतो. आठ वर्षांत ५५,००० म्हणजे वर्षाला ६,८७५ रुपये. हे पैसे आज खिशातून जात नाहीत, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत. ज्या दिवशी जातील त्या दिवशी एकदम जातील, आणि तेव्हा कारकुनाच्या दोन महिन्यांच्या पगाराचा चुराडा होईल.

आता दोन्ही बाजू पुऱ्या मांडू. पेट्रोलची स्कूटर : पेट्रोल २०,८००, सर्व्हिसिंग ३,६००, इंजिनासाठी राखून १,५००, एकूण वर्षाला २५,९०० रुपये, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ८८ पैसे. विजेची स्कूटर : वीज ४,०९५, सर्व्हिसिंग १,५००, बॅटरीसाठी राखून ६,८७५, एकूण १२,४७० रुपये, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ३९ पैसे. धायरीच्या कारकुनाची वर्षाची खरी बचत १३,४३० रुपये, महिन्याला सुमारे १,१०० रुपये. विजेची गाडी त्याच्यासाठी निश्चित स्वस्त आहे. पण पाचपट स्वस्त असल्याचा जो बोलबाला होता, त्याच्या जागी दुप्पट स्वस्त एवढेच उरले.

हा हिशेब कितपत मजबूत आहे हे मी दोन बाजूंनी ठोकून पाहिले. बॅटरी ८०,००० रुपयांना पडली असे धरले तर वर्षाची राखीव रक्कम १०,००० होते आणि बचत १०,३०० वर उतरते. बॅटरी पाचच वर्षांत गेली असे धरले तर राखीव रक्कम ११,००० होते आणि बचत ९,३०० च्या आसपास राहते. म्हणजे रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याचा हिशेब वाईट दिवस गृहीत धरूनही टिकतो. विजेची गाडी घेताना २०,००० रुपये अधिक पडले असतील तर ते दीड वर्षात वसूल होतात.

आता हाच हिशेब दुसऱ्या एका गृहस्थासाठी करू. हे सदाशिव पेठेत राहतात आणि त्यांची कचेरी पाच किलोमीटरांवर आहे. दिवसाला १० किलोमीटर, वर्षाला ३,०००. पेट्रोलची स्कूटर असेल तर पेट्रोलचे ६,९३३ रुपये, गाडी कमी चालली तरी तेल मुदतीने बदलावेच लागते म्हणून सर्व्हिसिंगचे २,०००, इंजिनासाठी ५००. एकूण ९,४३३. विजेची स्कूटर असेल तर विजेचे १,३६५, सर्व्हिसिंगचे १,२००, आणि बॅटरीचे तेच ६,८७५, कारण बॅटरी त्यांच्या दारात उभी राहूनही म्हातारी होणारच. एकूण ९,४४०. सात रुपयांचा फरक, आणि तोही पेट्रोलच्या बाजूने! वीज स्वस्त आहे हे ऐकून ह्या गृहस्थांनी २०,००० रुपये अधिक मोजले तर ते त्यांना कधीही परत मिळणार नाहीत. धूर नको, आवाज नको, पंपावरची रांग नको म्हणून त्यांनी ती गाडी घ्यावी. मात्र बचतीसाठी म्हणून घेऊ नये. जो दूर राहतो त्याला ही गाडी पैसे मिळवून देते. शहराच्या मध्यातली घरे परवडेनाशी झाल्याने जे धायरी, फुरसुंगी, चऱ्होलीकडे लोटले गेले, त्यांच्याच उपयोगाची ही बाब आहे.

म्हणून ज्याने विजेची गाडी घेतली आहे त्याने पहिल्या महिन्यापासून ५८० रुपये पोस्टातील आवर्ती ठेवीत टाकावेत आणि ते स्कूटरचे आहेत असे घरात सांगून ठेवावे. काही कंपन्या जादा पैसे घेऊन बॅटरीची हमी आठ वर्षांपर्यंत वाढवून देतात. तो एक प्रकारचा विमाच आहे, आणि त्याची रक्कम बॅटरीच्या किमतीच्या मानाने थोडी असेल तर तो घ्यावा. मात्र हमीपत्र नीट वाचावे. किलोमीटरांची मर्यादा किती, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली उतरली म्हणजे ती बदलून मिळते, आणि सर्व्हिसिंग एकदा चुकले तर हमी रद्द होते काय, ह्या तीन ओळी शोधाव्यात.

बॅटरी किती झिजली हे घरीच समजू शकते. दर सहा महिन्यांनी एकदा, त्याच रस्त्याने आणि त्याच वेगाच्या खटक्यावर, शंभर टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत गाडी चालवून किती किलोमीटर झाले ते वहीत लिहावे. नवीन असताना ७५ आले आणि पुढे ६० वर उतरले तर पाचवा हिस्सा क्षमता गेली असे समजावे. हमीचा दावा करताना ‘गाडी पूर्वीसारखी जात नाही’ ह्या तक्रारीपेक्षा तारखांसह लिहिलेली वही अधिक उपयोगी पडते. झीज लांबवण्याचे उपायही साधे आहेत. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये, अर्धा तास निवू द्यावी. रोज तीसच किलोमीटर जावयाचे असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत भरणे पुरते. गावी जाताना पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून आठवडेच्या आठवडे ठेवू नये. आणि चार्जिंग चालू असताना प्लग हाताला चटका देत असेल तर खटक्याची जोडणी सैल आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावल्याशिवाय तेथे पुन्हा चार्जिंग करू नये.

व्यवस्थापनाच्या त्या कागदाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुढच्या बैठकीस आम्ही वर मांडलेला हिशेब नेला. त्यांच्या लेखापालाला मी एवढेच विचारले, की आपल्या कचेरीच्या मोटारगाडीचा वर्षाचा खर्च आपण कसा मांडता? तो म्हणाला, इंधन, दुरुस्ती आणि घसारा. मी म्हटले, मग आमच्या माणसाच्या स्कूटरचाही तसाच मांडा. बॅटरी धरून १ रुपया ३९ पैसे, गाडीसाठी मोजलेले जादा २०,००० आठ वर्षांत वाटून आणखी २८ पैसे. १ रुपया ६७ पैसे झाले. आम्ही १ रुपया ८० पैसे मागितले होते, १ रुपया ६५ पैशांवर तडजोड झाली. त्यात आमचे दोन पैसे हुकले. ‘चार आण्यांत किलोमीटर’ म्हणणारा आमचा कार्यकर्ता करारपत्रावर सही करताना माझ्या कानाशी लागून म्हणाला, ‘दादा, पोस्टात खाते उघडले.’ ते दोन पैसे मी तेव्हाच विसरलो.